एका चाकाखाली लांब रूळ किती लवतो?



तानसा नदीकाठचे वज्रेश्वरी हे गाव लोहमार्गावर वसलेले नाही, आणि येथून आगगाडी गाठायची तर पश्चिमेकडे वसई रोडला किंवा दक्षिणेकडे भिवंडी रोडला जावे लागते. ही दोन्ही स्थानके वसई रोड ते दिवा या एकाच मार्गावर आहेत. कामण रोड आणि खारबाव या स्थानकांवरून जाणाऱ्या या मार्गाच्या एका अंगाला तुंगारेश्वरच्या रांगेचा काळा पाषाण आहे, दुसऱ्या अंगाला खाडीच्या भरतीने भिजणारी खाजणजमीन आहे, आणि भिवंडीच्या पुढे उल्हास खाडी ओलांडण्यासाठी पूल आहे. काही किलोमीटरांच्या अंतरात रुळाखालचा पाया खडक, मुरमाचा भराव, चिखल आणि पूल अशी रूपे घेतो. आजच्या व्याख्यानाचा प्रश्न यातूनच उभा राहतो. अशा पायावर टाकलेल्या लांब रुळावर एकच चाक उभे राहिले, तर तो रूळ किती लवतो, किती दूरपर्यंत लवतो, आणि त्याचे लवणे मुख्यतः कोणाच्या हाती असते, रुळाच्या की जमिनीच्या?

बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तेव्हा या प्रश्नाचे गणिती उत्तर कोणाजवळही नव्हते. रूळ किती जड घ्यावा आणि स्लीपर किती अंतरावर टाकावेत हे अनुभवाने, म्हणजे बऱ्याच अंशी मोडतोडीने, ठरत असे. गणित चौदा वर्षांनी आले. प्रागमध्ये अध्यापन करणाऱ्या एमिल विंक्लर यांनी १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या स्थितिस्थापकतेवरील ग्रंथात एक धीट गृहीत मांडले. पायावरचा प्रत्येक बिंदू त्याच्यावर जितका दाब पडेल तितकाच, त्या प्रमाणात, दबतो, आणि शेजारचा बिंदू काय करतो याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते, असे ते गृहीत होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पाया म्हणजे एकमेकींना न चिकटलेल्या असंख्य स्प्रिंगांची रांग. जमीन खरोखर अशी वागते काय? वागत नाही. सुतळीने विणलेल्या बाजेवर एक माणूस बसला की शेजारी बसलेलाही त्याच्याकडे कलतो. माती आणि खडी यांचे वागणे या बाजेच्या जवळचे असते, कारण दाब आजूबाजूला पसरतो. तरीही दीडशे वर्षांहून अधिक काळ लोहमार्गाच्या अभियंत्यांनी हे गृहीत सोडलेले नाही, आणि त्यामागे आळस नव्हे, सबळ कारण आहे. रूळ स्वतःच इतका ताठ असतो की तो भार दोन-तीन मीटरांवर पसरवतो, आणि इतक्या लांबीवर पसरलेल्या भाराखाली जमिनीच्या बिंदूंमधील देवाणघेवाणीचा रुळाच्या आकारावर फारसा परिणाम दिसत नाही. हेर्मान त्सिमरमान यांनी १८८८ साली याच पायावर लोहमार्गाच्या हिशेबाची पद्धत रचली, आणि अमेरिकेत आर्थर टॅलबट यांच्या समितीने १९१४पासून प्रत्यक्ष रुळांवर मापे घेऊन ती पडताळली.

आता हिशेबाकडे वळावे. रुळाला दोन गोष्टी वाकू देत नाहीत. एक, त्याचा स्वतःचा ताठपणा. पोलादाचा स्थितिस्थापकता-गुणांक E आणि रुळाच्या छेदाचे जडत्व-आघूर्ण I (छेदातील धातू मध्यरेषेपासून किती दूर पसरलेला आहे याचे माप) यांच्या गुणाकाराने तो मोजला जातो. दुसरी, पायाचा प्रतिकार. रुळाच्या एक मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर खाली दाबण्यासाठी जेवढे बल लागते, त्याला मार्ग-मापांक म्हणतात आणि तो k या अक्षराने दाखवतात. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. हा k म्हणजे नुसत्या मातीचा गुण नव्हे. त्यात रुळाखालच्या रबरी पट्ट्या, स्लीपर, खडी, भराव आणि त्याखालची मूळ जमीन अशा सगळ्यांचे दबणे एकत्र मोजले जाते, आणि या साखळीत जो घटक सर्वांत मऊ असेल, तोच बहुतेक k ठरवतो.

भार असलेली जागा सोडून इतरत्र रुळाचे वाकणे आणि पायाचा प्रतिकार यांचा मेळ घातला की पुढील समीकरण मिळते, आणि त्याखाली त्याचे उत्तर दिले आहे. उत्तरात x हे चाकापासूनचे अंतर, P हा चाकाचा भार आणि y हे रुळाचे खाली जाणे, म्हणजे विक्षेप, आहे.

```
EI y'''' + k y = 0
β = (k / 4EI)^(1/4)
y(x) = (Pβ / 2k) e^(-βx) (cos βx + sin βx)
```

यातील बीटा हे सगळ्या विषयाचे मर्म आहे. त्याचा व्यस्तांक, म्हणजे एक भागिले बीटा, ही एक लांबी आहे, आणि रूळ आपला भार साधारण किती अंतरावर वाटून देतो हे ती सांगते. तिला येथे वाटपाची लांबी म्हणावे.

ही लांबी प्रत्यक्षात किती असते? पुढील आकडे उदाहरणासाठी निवडलेले आहेत, वसई-दिवा मार्गावर मोजलेले नाहीत, पण भारतीय ब्रॉडगेजच्या जवळचे आहेत. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घेतला तर त्याचे जडत्व-आघूर्ण सुमारे ३०५५ सेंटिमीटर चतुर्थ घात असते. बॉक्सएन वाघिणीचा आसभार २०.३२ टन, म्हणजे एका चाकावर सुमारे १०० किलोन्यूटन. पाया चांगला धरून k हा ३० न्यूटन प्रति मिलिमीटर प्रति मिलिमीटर घ्यावा. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर रुळाची एक मीटर लांबी एक मिलिमीटर दाबायला सुमारे तीन टन बल लागते, असा त्याचा अर्थ होतो. हे आकडे घालून वाटपाची लांबी येते सुमारे ९६२ मिलिमीटर, चाकाखालचा विक्षेप येतो १.७३ मिलिमीटर, आणि रुळाला वाकवणारे आघूर्ण चाकाखाली येते सुमारे २४ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे एक मीटर लांबीच्या तरफेच्या टोकाला सुमारे अडीच टन लटकवल्याइतके.

हे आघूर्ण चाकापासून सुमारे ७५ सेंटिमीटरांवर शून्य होते आणि पुढे उलटते. विक्षेप शून्य होतो २.२७ मीटरांवर. त्यापलीकडे एक चमत्कारिक गोष्ट घडते. चाकापासून सुमारे तीन मीटरांवर रूळ खाली न जाता वर उचलला जातो, फार नव्हे, चाकाखालच्या विक्षेपाच्या सव्वाचार टक्के, म्हणजे मिलिमीटरच्या साडेसात शतांश इतका. एवढ्याशा उचलण्याकडे लक्ष द्यावे काय? द्यावे, कारण गृहीताची पहिली परीक्षा येथेच होते. विंक्लरची स्प्रिंग दाबली तर ढकलते आणि ओढली तर ओढते, पण खडी स्लीपरला खाली ओढून धरत नाही. मग हे उत्तर खरे कसे राहते? ६० सेंटिमीटर अंतरावरचे स्लीपर धरले तर त्या जागी एका स्लीपरवर दोन्ही रुळांचे मिळून वर ओढणारे बल सुमारे २.७ किलोन्यूटन येते. उलट काँक्रीटच्या स्लीपरचे अडीचशे किलोंहून अधिक वजन आणि त्याच्या वाट्याच्या दोन्ही रुळांचे सुमारे ७२ किलो वजन मिळून तीन किलोन्यूटनांपेक्षा थोडे जास्त खाली दाबते. स्लीपर स्वतःच्या वजनाने जागेवर राहतो, पण थोडक्यात. भार याहून बराच मोठा झाला, किंवा स्लीपर हलका लाकडी असला, तर तो खरोखर सुटेल, आणि समीकरण त्या भागात खोटे पडेल.

रुळाखाली अखंड पाया नसून ६० सेंटिमीटरांवर एकेक स्लीपर असतो, तेव्हा अखंड स्प्रिंगांचा हिशेब कसा चालतो, अशी शंका कोणाही श्रोत्याच्या मनात येईल. उत्तर वाटपाच्या लांबीतच आहे. स्लीपरांमधील अंतर या लांबीपेक्षा लहान आहे, म्हणून रुळाला त्यांच्यातील खंड जाणवत नाही. हिशेबच पाहावा. चाकाखालचा स्लीपर त्या रुळाकडून सुमारे ३१ किलोन्यूटन घेतो, लगतचे दोन प्रत्येकी २३, त्यापुढचे दोन प्रत्येकी ११, आणि त्यापुढचे प्रत्येकी ३. म्हणजे चाक एखाद्या स्लीपरच्या बरोबर डोक्यावर उभे असतानाही तो स्लीपर त्याच्या भाराचा तिसरा हिस्साही उचलत नाही. सात स्लीपरांची बेरीज जवळपास १०७ येते, १०० नव्हे; वरचे सात म्हणजे पलीकडच्या, वर उचलू पाहणाऱ्या स्लीपरांवरून सुटलेले वजन, तेही या सातांनाच घ्यावे लागते.

यानंतरचा मुद्दा या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे. रूळ लवू नये म्हणून जड रूळ घालावा, असे सहज मनात येते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेच शहाणपण वाटते. समीकरण काय सांगते? विक्षेप रुळाच्या ताठपणाच्या केवळ चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, पण पायाच्या k या मापांकाच्या पाऊण घाताच्या व्यस्त प्रमाणात. ५२ किलोचा रूळ काढून ६० किलोचा घातला तर जडत्व-आघूर्ण चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि चाकाखालचा विक्षेप १.८९ वरून १.७३ मिलिमीटरवर येतो. इतके पोलाद घालून मिळाले काय, तर आठ टक्के. उलट पावसाळ्यात भराव मऊ झाला, खडीत चिखल चढला आणि k निम्मा झाला, तर तोच ६० किलोचा रूळ २.९ मिलिमीटर लवतो, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के अधिक. विक्षेपाच्या बाबतीत रूळ हा दुय्यम आहे, पाया हा मुख्य आहे.

याचा अर्थ जड रूळ व्यर्थ, असा मात्र नव्हे. जड रुळाच्या वाट्याला येणारे आघूर्ण उलट थोडे वाढते, कारण ताठ रूळ अधिक लांबीवर भार वाटू पाहतो आणि त्याची किंमत स्वतः वाकून देतो. पण छेद मोठा असल्यामुळे त्या आघूर्णाने पोलादात निर्माण होणारा ताण कमी होतो, थकवा उशिरा येतो आणि झिजायलाही जास्त धातू असतो. जड रुळाची खरी बाजू ही आहे. लवणे कमी करण्याचे काम त्याच्यावर सोपवणे हे चुकीच्या कारकुनाला अर्ज देण्यासारखे होय.

येथे मालगाड्यांचा उल्लेख करणे अवश्य आहे. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर हा टप्पा याच भागातून जातो, आणि त्याचा आसभार २५ टन आहे. विक्षेप भाराच्या सरळ प्रमाणात असल्यामुळे त्याच रुळावर आणि त्याच पायावर १.७३ चा विक्षेप सुमारे २.१३ मिलिमीटर होईल. आणि एकाच्या शेजारी दुसरे चाक आले तर? दोन मीटरांवरचे दुसरे चाक विक्षेपात पाच टक्क्यांची भर घालते, पण वाकवणारे आघूर्ण सुमारे सतरा टक्क्यांनी घटवते, कारण तेथे पहिल्या चाकाचा परिणाम उलट दिशेने असतो. एकटे चाक हा रुळाच्या वाकण्याच्या दृष्टीने कठोर प्रसंग आहे, म्हणून हिशेबाची सुरुवात त्यापासून होते.

आतापर्यंत रूळ लांब आहे असे धरले. पण लांब म्हणजे किती? या उदाहरणात चाकाच्या दोन्ही बाजूंना तीन-साडेतीन मीटर अखंड रूळ असला की पुढे तो किती आहे याने विक्षेपाला फरक पडत नाही. त्याच रुळाच्या उघड्या टोकावर चाक आणले, म्हणजे पलीकडे रूळच नाही असे धरले, तर विक्षेप चौपट होतो, १.७३ चा ६.९ मिलिमीटर. प्रत्यक्षात टोकाला टोक लागलेले असते आणि फिशप्लेट, म्हणजे जोडपट्टी, त्यांना जोडते. पट्टी सैल असली, भार पलीकडे पोहोचवत असली पण वाकणे अडवत नसली, तर दोन्ही टोके अर्धा-अर्धा भार घेतात आणि विक्षेप दुप्पट, म्हणजे ३.५ मिलिमीटर होतो. पट्टी घट्ट असली तर तो १.७३ च्या जवळ राहतो. जुन्या गाड्यांचा खडखडाट हा या गणिताचा आवाज होता, कारण सांध्यावर टोक जास्त लवते, चाक पलीकडच्या टोकावर आपटते, त्या आपटीने सांध्याखालची खडी कुटली जाते, k घटतो, आणि घटलेल्या k मुळे पुढचे चाक आणखी जास्त लवते. म्हणून सांधे वेल्ड करून लांब रूळ करण्याची पद्धत आली. तिच्यामुळे उष्णतेच्या प्रसरणाचा प्रश्न उभा राहिला, पण तो वेगळा विषय आहे.

k मोजायचा कसा? माहीत असलेला भार उभा करून विक्षेप मोजला की समीकरण उलटे फिरवून k काढता येतो:

```
k = (1/4) (P / y0)^(4/3) / (EI)^(1/3)
```

वरच्या उदाहरणात १.७३ मिलिमीटर घातले की ३० परत मिळतात. पण येथे एक सापळा आहे. स्लीपराखाली खडी बसल्यामुळे कधी कधी एखादा मिलिमीटर पोकळी राहते, आणि भार आला की स्लीपर आधी ती पोकळी भरतो, मगच पाया दाबू लागतो. तेव्हा मोजणाऱ्याला १.७३ ऐवजी २.७३ दिसते, आणि सूत्रातून k निघतो सुमारे १६, म्हणजे जवळजवळ निम्मा. तो म्हणेल, भराव खराब आहे, उकरा. भरावात काही दोष नसेल. खडी स्लीपराखाली नीट बसवली की काम भागेल. यातून सुटण्याचा मार्ग सोपा आहे: एकदा हलक्या भाराने आणि एकदा भारी भाराने मोजावे, आणि केवळ फरकाचा हिशेब करावा. दोन्ही भारांचे बिंदू शून्यातून जाणाऱ्या रेषेवर आले तर पोकळी नाही. रेषा विक्षेपाच्या अक्षाला शून्यावर न छेदता काही अंतरावर छेदत असेल, तर ते अंतर म्हणजेच पोकळी. पोकळी शोधायला कोणतेही यंत्र न लागणारी एक जुनी रीतही आहे. टोकाला लाकडी गोळा असलेली काठी स्लीपरवर आपटतात, आणि आवाज पोकळ आला की गँगमन ओळखतो. हिशेब आणि कान एकाच गोष्टीचा शोध घेत असतात, फक्त कान मिलिमीटर सांगत नाही.

शेवटी पुलाजवळची जागा पाहावी, कारण वसई-दिवा मार्गासारख्या प्रदेशात गृहीताची दुसरी परीक्षा तेथे होते. आतापर्यंत k सर्वत्र सारखा धरला, पण खाजणातला भराव संपून पुलाचा ताठ आधार सुरू होतो तेथे k एका जागी उडी मारतो. भरावाचा k १५ आणि पुलाकडचा ६० धरला तर चाक एकीकडे २.९ मिलिमीटर खाली असते आणि दुसरीकडे १.०, म्हणजे दोन मीटरांच्या आसपास त्याला सुमारे दोन मिलिमीटर चढावे लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन मीटर पार करायला सेकंदाचा सात शतांश भाग पुरतो. या क्षणिक चढावर चाकाचा भार स्थिर राहत नाही, त्याचा धक्का होतो. आणि याहून अवघड भाग असा की k सारखा असताना वेळोवेळी सगळीकडे थोडे-थोडे खचणारी खडी येथे फक्त मऊ बाजूला खचते, पुलावर खचत नाही, त्यामुळे विक्षेपाचा फरक दर पावसाळ्यानंतर खऱ्या, कायमच्या उतारात बदलत जातो. यावर उपाय k चे आकडे मोठे करणे हा नाही, तर उडी बोथट करणे हा आहे. पुलाच्या तोंडाशी भरावात आधी बारीक मुरूम, मग खडीमिश्रित भरणी असे टप्प्याटप्प्याने ताठपण वाढवतात, आणि पुलाकडच्या रुळाखाली मऊ रबरी पट्ट्या घालून तिकडचा k मुद्दाम थोडा कमी करतात. हा बदल किती लांबीवर पसरवावा, तर वाटपाच्या लांबीच्या अनेक पटींवर. एका वाटपाच्या लांबीत केलेला बदल रुळाला उडीच वाटतो, आणि दहा लांब्यांत, म्हणजे सुमारे दहा मीटरांत, केलेला बदल चाकाला दर मीटरला साधारण दोन दशांश मिलिमीटरच चढवतो.